पदबंध, उपवाक्य आणि वाक्याच्या पोटातलं वाक्य

प्रश्न: आमच्या क्लासमध्ये 'क्रियापद असेल तर उपवाक्य, नसेल तर पदबंध' असं सांगतात. मग 'काल आलेला पाहुणा' यात 'आलेला' हे क्रियापद नाही का? आणि गौण वाक्य मुख्य वाक्याच्या पोटात असतं म्हणजे नक्की काय? मला तर 'की'ने जोडलेली दोन वाक्यंच दिसतात. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, उदाहरणं देऊन सांगाल का?

उत्तर:

क्लासमधला नियम चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. गोची 'क्रियापद' या शब्दात आहे. क्रियेचा अर्थ असलेला प्रत्येक शब्द क्रियापद नसतो. उलट क्रियापद डोळ्यांना दिसलं नाही, म्हणून विधान झालंच नाही असंही नसतं. आधी हे दोन नमुने शेजारी ठेवून वाचा.

माझं छोटं गाव

माझं गाव छोटं

शब्द तेच तीन. पहिला नमुना ऐकल्यावर ऐकणारा थांबून राहतो: बरं, छोटं गाव, त्याचं काय? दुसऱ्यात गावाबद्दल सांगायचं ते सांगून झालेलं आहे. 'आहे' लिहिलेलं नाही, पण बोलताना आपण ते सर्रास गाळतो आणि कुणाचं काही अडत नाही. पहिला पदबंध आहे. जुन्या पुस्तकांत त्याला नुसतं शब्दसमूह म्हटलेलं सापडेल. दुसरं विधान आहे. ते एकटं उभं असेल तर वाक्य, आणि मोठ्या वाक्याचा भाग होऊन आलं तर उपवाक्य.

पदबंधात एक मुख्य शब्द असतो, बाकीचे त्याला चिकटलेले असतात आणि सगळे मिळून एकाच शब्दाचं काम करतात. 'माझं छोटं गाव' काढून तिथे 'ते' ठेवलं तरी पुढचं वाक्य तसंच चालतं. उपवाक्यात मात्र उद्देश्य आणि विधेय दोन्ही असतात: कशाबद्दल बोलतोय ते, आणि त्याबद्दल काय सांगतोय ते. लांबीचा इथे काही संबंध नाही. 'माझ्या धाकट्या मावशीच्या सासरच्या जुन्या वाड्यातली ती अंधारी खोली' हे नऊ शब्द झाले तरी पदबंधच, कारण खोलीचं पुढे काय ते कळलेलंच नाही. आणि नुसतं 'ये' हे पुरं वाक्य आहे, कारण त्यातला 'तू' न बोलता कळतो.

आता 'आलेला'कडे येऊ. शब्द खरा विधेयाचा आहे की नुसता क्रियेचा अर्थ बाळगणारा आहे, हे ओळखायला मराठीत दोन सोप्या कसोट्या आहेत. व्याख्या पाठ करण्यापेक्षा त्या हाताशी असलेल्या बऱ्या.

पहिली नकाराची. विधेयाचा नकार 'नाही', 'नव्हता', 'नसेल' यांनी होतो आणि तो मागून येतो: पाहुणा आला नाही, पाहुणा येणार नाही, माझं गाव छोटं नाही. धातूपासून बनलेल्या पण विधेय नसलेल्या रूपांचा नकार पुढे 'न' लावून होतो: न आलेला पाहुणा, न सांगता निघून गेला, तिथे न जाणंच बरं. 'काल आलेला पाहुणा' याला नुसतं 'नाही' लावून बघा. 'काल आलेला पाहुणा नाही' असं होईल, पण मग तो कोण आहे आणि कोण नाही याबद्दलचं वेगळंच विधान तयार होतं. येण्याचा नकार होतच नाही. त्यासाठी 'न आलेला'च म्हणावं लागतं.

दुसरी 'तू'ची. खरं क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतं: मी आलो, तू आलास, तो आला. 'आलेला' बदलत नाही. काल आलेला मी, काल आलेला तू, काल आलेला तो, सगळीकडे तेच रूप. ते बदलतं फक्त लिंग-वचनाप्रमाणे (आलेली, आलेलं, आलेले), म्हणजे 'चांगला' जसा बदलतो तसं. ही कसोटी कर्मणी प्रयोगातही टिकते आणि तिथे ती विशेष उपयोगी पडते. 'तू पत्र लिहिलंस' यात क्रियापद पत्राप्रमाणे नपुंसकलिंगी झालं तरी शेवटी 'स' आलाच. 'तू लिहिलेलं पत्र' यात तो 'स' येत नाही.

दोन्ही कसोट्यांना मर्यादा आहेत, पण एक अडली की दुसरी मदतीला येते. 'तो न आला तर' यात पुढे 'न' आहे म्हणून 'आला' हे क्रियापद नाही असं समजू नका. 'तर'च्या वाक्यात 'न' चालतो. तिथे 'तू' घालून बघा: 'तू न आलास तर'. 'स' आला, म्हणजे क्रियापद पक्कं. उलट 'तुला भूक लागली' यात 'स' कुठेच येत नाही, कारण क्रियापद भुकेप्रमाणे चालतं. तिथे 'लागली नाही' हा नकार बघा.

आणखी एक फसवणारी जागा म्हणजे बोलण्यातला 'आलेला'. 'अरे, तो काल आलेला' असं आपण 'आला होता' या अर्थाने म्हणतो. तिथे 'तू काल आलेलास ना?' असा 'स' लागतो, आणि नकार 'आलेला नव्हता' असा होतो. म्हणजे तिथे तो विधेयच आहे. तेव्हा शब्द बघून निकाल देऊ नका, त्या वाक्यात तो काय करतोय ते बघा.

तर 'काल आलेला पाहुणा' यातला 'आलेला' हे धातुसाधित विशेषण आहे आणि सगळा मिळून पदबंध आहे. 'काल आलेला पाहुणा आज गेला' हे केवल वाक्य. 'जो पाहुणा काल आला तो आज गेला' हे मिश्र वाक्य. परीक्षेत हेच उत्तर लिहा.

पण तुमच्या मनात शंका आली ती उगाच नाही. 'काल' हा शब्द कशाला चिकटलाय? पाहुण्याला नाही, येण्याला. 'आईने बाबांना न सांगता बँकेतून काढलेले पैसे' हे बघा. काढणारी आई आहे, काढलेले पैसे आहेत, कुठून काढले तेही आहे, वर 'बाबांना न सांगता' असा आणखी एक तुकडा आत बसलाय. एका विशेषणाभोवती एवढं सगळं जमत नाही, ते क्रियेभोवतीच जमतं. म्हणून आजचे बरेच भाषाशास्त्रज्ञ अशा रचनेलाही उपवाक्यच मानतात, फक्त क्रियापदाचं पुरं रूप नसलेलं. शालेय व्याकरण क्रियापदाचं रूप मोजतं, भाषाशास्त्र क्रियेभोवतीची माणसं आणि वस्तू मोजतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाची व्याख्या दुसऱ्याच्या प्रश्नाला लावली की गोंधळ होतो.

हा दुसरा दृष्टिकोन लिहिणाऱ्याला एका ठिकाणी फार उपयोगी पडतो: अशा तुकड्यात स्वतःचा कर्ता ठेवायला जागा आहे की नाही, ते बघण्यासाठी. '-ल्यावर' आणि '-ताना' यांत ती आहे: 'आई आल्यावर आपण जेवू', 'मी रस्ता ओलांडत असताना सिग्नल बदलला'. '-ऊन'मध्ये ती सहसा नसते. '-ऊन'चा कर्ता आणि पुढच्या क्रियापदाचा कर्ता एकच धरला जातो. म्हणून 'दार उघडून मांजर पळालं' या वाक्यात दार मांजरानेच उघडलेलं असतं, लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो. तुम्ही दार उघडलंत आणि मांजर पळालं असं म्हणायचं असेल तर 'मी दार उघडल्यावर मांजर पळालं' असं लिहावं लागतं. याला अपवाद आपोआप घडणाऱ्या गोष्टींचा: 'पाऊस पडून रस्ते खराब झाले' यात कर्ते दोन आहेत आणि कुणाला खटकत नाही, कारण पहिली गोष्ट दुसरीचं सरळ कारण आहे.

आता पोटातल्या वाक्याकडे. मोकळी जागा ठेवलेलं हे वाक्य घ्या.

रमेशने मला ______ सांगितलं.

मोकळ्या जागेत 'गोष्ट' ठेवा, क्रियापद 'सांगितली' होतं. 'किस्सा' ठेवा, 'सांगितला' होतं. 'सगळे पत्ते' ठेवा, 'सांगितले' होतं. ही कर्माची जागा आहे आणि क्रियापद कर्माकडे बघून रूप बदलतंय. आता तिथे एक पुरं विधान ठेवा:

रमेशने मला [दुकान उद्या बंद आहे असं] सांगितलं.

क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी झालं. वाक्याला स्वतःचं लिंग-वचन नसतं, म्हणून क्रियापद तिथे येऊन थांबतं. पण जागा तीच आहे, गोष्टीची आणि किश्श्याची. पोटात असणं म्हणजे एवढंच: मुख्य वाक्यातली कर्त्याची, कर्माची, विशेषणाची किंवा क्रियाविशेषणाची जागा एका अख्ख्या वाक्याने भरलेली असते. ('म्हणणे', 'बोलणे', 'विसरणे' अशा काही क्रियापदांत हा बदल दिसणार नाही. ती भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात: तो म्हणाला, ती विसरली. पण जागा तिथेही असतेच.)

मग तुम्हाला दोन वाक्यं जोडलेली का दिसतात? कारण 'की'.

रमेशने मला सांगितलं की दुकान उद्या बंद आहे.

कर्म लांबलचक असलं की आपण ते क्रियापदाच्या पलीकडे, उजवीकडे नेऊन ठेवतो आणि मध्ये 'की' लावतो. पण त्याची मूळ जागा क्रियापदाच्या आधीच राहते, आणि पुष्कळदा तिथे एक शब्द राखण बसवलेला असतो: 'रमेशने मला *असं* सांगितलं की', 'मला *एवढंच* माहीत आहे की'. 'रमेशने मला एक *गोष्ट* सांगितली की' यात तर राखण बसलेली 'गोष्ट' क्रियापदाला स्त्रीलिंगी करते, आणि 'की'नंतरचं वाक्य त्या गोष्टीत काय आहे ते सांगतं. 'असं' उपवाक्याच्या शेवटी येतं, 'की' त्याच्या आधी येतो. पहिल्यात उपवाक्य पोटात असल्याचं डोळ्यांना दिसतं, दुसऱ्यात ते बाहेर दिसतं पण काम आतलंच करतं.

हे नुसतं म्हणणं नाही, तपासता येतं. उजवीकडचं वाक्य काढून टाका. उरतं 'रमेशने मला सांगितलं'. लगेच प्रश्न येतो: काय सांगितलं? वाक्य लंगडं झालं. आता 'रमेश घरी गेला आणि दुकान बंद झालं' यातलं दुसरं वाक्य काढा. 'रमेश घरी गेला' हे ठणठणीत उभं राहतं. ती खरी जोडलेली वाक्यं, म्हणजे संयुक्त वाक्य.

वाक्यपृथक्करण करताना शाळेत मुख्य वाक्य म्हणून 'रमेशने मला सांगितलं' एवढंच लिहून घेतात. उत्तरपत्रिकेत तसंच लिहा, गुण त्यालाच आहेत. मनात मात्र असं ठेवा की खरं मुख्य वाक्य म्हणजे ते सगळं वाक्य, गौण वाक्य पोटात घेऊन. गौण वाक्य मुख्य वाक्याचा एक अवयव आहे. दोघांना शेजारी समजलं की पुढे सगळं विश्लेषण घसरतं.

विशेषणाची आणि क्रियाविशेषणाची जागाही अशीच भरते. 'जी वही टेबलावर होती ती कुणी घेतली?' यात 'जी वही टेबलावर होती' हे डावीकडे ठेवलंय आणि आत त्याची प्रतिनिधी म्हणून 'ती' बसली आहे. 'टेबलावरची वही कुणी घेतली?' असं केलं की अख्खं वाक्य एका विशेषणात मावतं, म्हणून ते विशेषणवाक्य. 'दिवे गेले तेव्हा आम्ही जेवत होतो' यातल्या पहिल्या भागाऐवजी नुसतं 'रात्री' ठेवता येतं, म्हणून ते क्रियाविशेषणवाक्य. मुख्य क्रियापदाला 'काय?' विचारून उत्तर आलं तर नामवाक्य, नामाला 'कोणता?' विचारून आलं तर विशेषणवाक्य, आणि 'कधी, कुठे, का, कसं?' विचारून आलं तर क्रियाविशेषणवाक्य. प्रश्न नेहमी मुख्य वाक्यातल्या शब्दाला विचारायचा. गौण वाक्यातल्या क्रियापदाला विचारलात तर उत्तर भलतंच येतं, आणि ही चूक फार जण करतात.

परीक्षेत हमखास फसवणारे दोन शब्द आहेत, 'की' आणि 'म्हणून'. अव्ययांच्या याद्या पाठ केलेला विद्यार्थी इथे अडकतो, कारण दोन्ही शब्द एकाहून अधिक कामं करतात.

'मला वाटतं की छत गळतं' यात गौण वाक्य 'की'च्या उजवीकडे आहे. 'पाऊस आला की छत गळतं' यात ते डावीकडे आहे: 'पाऊस आला की' म्हणजे पाऊस आल्याबरोबर. मोठ्याने वाचलंत तर कळतं. पहिल्यात आपण 'वाटतं'वर थांबतो, दुसऱ्यात 'की'नंतर. खात्री करायची असेल तर पहिल्याचं 'छत गळतं असं मला वाटतं' करून बघा, आणि दुसऱ्यात 'की'च्या जागी 'म्हणजे' ठेवून बघा. पहिलं नामवाक्य आहे, दुसरं क्रियाविशेषणवाक्य. 'चहा घेणार की कॉफी?' यातला तिसरा 'की' तर नुसता पर्याय देतो, तिथे कुणी कुणाच्या पोटात नाही.

'म्हणून'चं तसंच. 'पाऊस आला म्हणून सामना थांबला' याला काही जण संयुक्त म्हणतात, काही जण मिश्र, आणि दोन्हींना पुस्तकाचा आधार सापडतो, कारण हा शब्द परिणाम दाखवणाऱ्या यादीतही असतो आणि उद्देश दाखवणाऱ्या यादीतही. उपवाक्य मुख्य वाक्याच्या मधोमध सरकवून बघा. 'सामना, पाऊस आला म्हणून, थांबला' हे चालतं. 'सामना, पाऊस आला आणि, थांबला' हे अजिबात चालत नाही. 'म्हणून' आधीच्या वाक्याला चिकटून त्याच्यासकट सरकतो, तेव्हा ते आत बसलेलं गौण वाक्य असतं. पण 'दिवसभर पाऊस पडला. म्हणून सामना थांबवावा लागला' असं आधी थांबून म्हटलं की 'म्हणून' पुढच्या वाक्यात जातो, 'त्यामुळे' या अर्थाने, आणि दोन्ही वाक्यं स्वतंत्र राहतात. 'नोकरी मिळावी म्हणून ती कोर्स करते' यात मात्र शंकेला जागाच नाही. 'नोकरी मिळावी' एवढंच एकटं उच्चारलं तर ती इच्छा होते, घडलेली गोष्ट नाही. उद्देश सांगणारं हे वाक्य नेहमी गौणच.

आता एक गुंतलेलं वाक्य पूर्ण सोडवून दाखवतो. बोलण्यात अशी वाक्यं रोज येतात, कागदावर आली की घाबरवतात.

काकू म्हणाल्या की जो मुलगा पाणी कधी येणार ते विचारायला आला होता तो परत आला तर त्याला गच्चीवर पाठवा.

आधी खरी क्रियापदं शोधा. 'म्हणाल्या', 'येणार', 'आला होता', 'आला', 'पाठवा'. 'येणार' पुढे 'आहे' गाळलेलं आहे. नकार 'येणार नाही' असा होतो आणि 'तू' घातला तर 'येणार आहेस' होतं, म्हणून ते धरायचं. 'विचारायला' धरायचं नाही: मी विचारायला आलो, तू विचारायला आलास, रूप तेच राहतं. पाच क्रियापदं, म्हणजे पाच वाक्यं.

ती एकमेकांत कशी बसली आहेत ते काढताना बाहेरून आत जाऊ नका, आतून बाहेर या. ज्याच्या पोटात दुसरं काही नाही असं वाक्य उचला आणि त्याच्या जागी एक छोटा शब्द ठेवा. सगळ्यात आत आहे 'पाणी कधी येणार'. त्याची राखण करणारा 'ते' आधीच तिथे बसलाय, म्हणून उपवाक्य काढलं तरी चालतं:

काकू म्हणाल्या की जो मुलगा ते विचारायला आला होता तो परत आला तर त्याला गच्चीवर पाठवा.

आता 'जो मुलगा … आला होता तो' याच्या जागी 'तो मुलगा' ठेवा:

काकू म्हणाल्या की तो मुलगा परत आला तर त्याला गच्चीवर पाठवा.

मग अटीच्या जागी 'मग' ठेवा:

काकू म्हणाल्या की मग त्याला गच्चीवर पाठवा.

आणि शेवटी 'की'नंतरचं सगळं 'असं'मध्ये घाला:

काकू असं म्हणाल्या.

प्रत्येक पायरीनंतर उरलेलं वाक्य धड होतं. सीमा बरोबर पडल्याचा हाच पुरावा. सीमा चुकली तर लगेच कळतं. समजा कुणी 'पाणी कधी येणार ते विचारायला आला होता' हा तुकडा एक उपवाक्य समजून उचलला, तर मागे 'जो मुलगा तो परत आला तर' असं काहीतरी उरतं. ते मराठी नाही, म्हणजे 'जो मुलगा' हे त्या तुकड्यापासून तोडायला नको होतं.

या वाक्यात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. 'पाणी कधी येणार' हे पुरं क्रियापद असलेलं वाक्य कशाच्या पोटात आहे? थेट 'आला होता'च्या नाही. ते 'विचारायला' या धातुसाधिताचं कर्म आहे, म्हणजे शालेय हिशेबाने एका पदबंधाच्या आत आहे. तो पदबंध विशेषणवाक्याच्या आत, ते अटीच्या वाक्यात, ते नामवाक्यात आणि नामवाक्य काकूंच्या वाक्यात. पदबंध नेहमी उपवाक्याहून लहान असतो अशी समजूत असेल तर ती इथे सोडावी लागते. पदबंधाच्या पोटातही अख्खं वाक्य मावतं.

असं किती आत जाता येईल? व्याकरणाने मर्यादा घातलेली नाही, वाचणाऱ्याच्या स्मरणशक्तीने घातली आहे. आणि खोलीपेक्षा जागेमुळे जास्त बिघडतं. सरकारी पत्रव्यवहाराच्या धाटणीचं हे वाक्य वाचा:

पत्रकारांना मंत्र्यांनी सचिवांनी ठेकेदाराने काम वेळेत पूर्ण केलं नाही असं कळवलं आहे असं सांगितलं.

यात व्याकरणाची एकही चूक नाही, तरी पहिल्या वाचनात कळत नाही. तीन कर्ते एकामागोमाग येतात आणि तोवर एकही क्रियापद आलेलं नसतं. पुढे क्रियापदं उलट्या क्रमाने येतात: शेवटच्या कर्त्याचं आधी, पहिल्याचं सगळ्यात शेवटी. काकूंचं वाक्य याच्याहून खोल होतं, पण ते कळत होतं, कारण 'म्हणाल्या' सुरुवातीलाच येऊन गेलं आणि तो कप्पा बंद झाला.

उपाय त्यातच आहे. सगळ्यात बाहेरच्या वाक्याचं क्रियापद आधी आणा आणि बाकीचं 'की'ने उजवीकडे ढकला. आतल्या दोघांपैकी एकाचा कर्ता त्याच्या स्वतःच्या क्रियापदाजवळ न्या:

मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की, ठेकेदाराने काम वेळेत पूर्ण केलं नसल्याचं सचिवांनी कळवलं आहे.

इथे 'केलं नाही असं' याचं 'केलं नसल्याचं' झालं. बातम्यांत हे रूप पावलोपावली दिसतं, कारण एक 'असं' वाचतो आणि वाक्य आटोपशीर होतं. पण ते सगळीकडे चालत नाही. आतलं वाक्य प्रश्न असेल तर अडतं: 'काम कधी संपणार ते विचारलं' याचं 'काम कधी संपणार असल्याचं विचारलं' करता येत नाही. आज्ञेचंही होत नाही. 'काम थांबवा असं सांगितलं' याचं 'काम थांबवण्यास सांगितलं' होतं, आणि तिथे ज्याला सांगितलं त्यानेच थांबवायचं असा अर्थ बसतो. थांबवणारा तिसराच कुणी असेल तर 'ठेकेदाराने काम थांबवावं, असं सचिवांना सांगितलं' हेच लिहावं लागतं.

परीक्षेच्या दृष्टीने शेवटचं: 'ठेकेदाराने काम पूर्ण केलं नसल्याचं सचिवांनी कळवलं' हे केवल वाक्य की मिश्र, असा प्रश्न आला तर केवल लिहा. विधेयाचं काम करणारं क्रियापद एकच, 'कळवलं'. 'नसल्याचं' हे धातुसाधित आहे, पुरुषाप्रमाणे बदलत नाही. 'ठेकेदाराने' हा स्वतंत्र कर्ता आत दिसतो खरा, पण शालेय हिशेबात त्याला वेगळ्या वाक्याचा मान नाही. तेच 'ठेकेदाराने काम पूर्ण केलं नाही असं सचिवांनी कळवलं' असं आलं तर ते मिश्र वाक्य, आणि 'असं'पर्यंतचा भाग 'कळवलं'चं कर्म असलेलं नामवाक्य.